पलंगावर आता कोणी बसत नाही

बाळांनो, परवाच्या रविवारी तुम्ही विचारलंत, आजी व्हिडिओ कॉलवर बोलताना आता खुर्चीवर का बसते, पलंगावर का नाही. त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

फोनवर गोष्ट वाचून दाखवता दाखवता मी मधेच पेंगले, तो रविवार तुम्हाला आठवत असेल. थोरला हसला. धाकटीनं मात्र घाबरून विचारलं, "आई, आजी उठत का नाहीये?" त्यानंतर तुमच्या आईनं प्रेमानंच ठरवलं, आजीला विश्रांती घेऊ दे, गोष्टी काही दिवस बंद. मला रात्रभर झोप येत नसे आणि सकाळी डोळे मिटत. रविवारची ती गोष्ट मला परत हवी होती.

साकोलीच्या डॉक्टरांनी आधी तपासण्या केल्या, घोरते का, गोळ्या कोणत्या, सगळं विचारलं. मग भंडाऱ्याला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. या उपचाराला सीबीटी म्हणतात. त्यात झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलायचे असतात.

पहिल्या आठवड्यात फक्त झोपेची नोंद ठेवायची होती. मी काटेकोर बाई. उशाशी घड्याळ आणि पेन ठेवलं, आणि जाग आली की मिनिटासकट वेळ लिहू लागले. कागद बघून बाई हसल्या. "आजी, तुम्ही झोपेची परीक्षा घेताय. घड्याळ भिंतीकडे फिरवा. सकाळी उठल्यावर अंदाजानं लिहा, तेवढं पुरे." पूर्ण गुण मिळतील या आशेनं गेले होते मी.

नोंदीवरून दिसलं की मी अंथरुणात पुष्कळ वेळ असते, झोपते त्यातला थोडाच वेळ. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून साडेअकराच्या आधी आडवं व्हायचं नाही आणि साडेपाचला उठायचंच, रात्र कशीही गेली तरी. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारची डुलकी बंद. आणि पलंग फक्त झोपण्यासाठी.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. आपल्या घरात पलंगावरच पेपर वाचला जातो, भाजी निवडली जाते, पाहुणे बसतात. तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, रोज दुपारी येऊन त्यावरच पाय पसरते. मी तिला खुर्ची दाखवली.

"काहून बाई, मले काय खरूज झाली?"

"डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय, पलंगावर फक्त झोपायचं."

"मंग मी झोपतो ना तुह्या पलंगावर. तू बस खुर्चीवर."

रुसून गेली, आणि रात्री जेवण झाल्यावर सूप घेऊन परत आली. म्हणाली, "साडेअकरापर्यंत तुले जागं कोण ठेवन? चाल, तांदूळ निवडू." तिनं सगळ्या गावाच्या कागाळ्या सांगितल्या. मग सूप मांडीवर ठेवून तीच घोरायला लागली. मी एकटी खडे वेचत हसत बसले.

त्या आठवड्यात दिवसा फार झोप यायची. बाईंनी आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटेल. स्कूटी त्यांनी बंदच करायला लावली. वरणात दोनदा मीठ पडलं, आजोबांनी तसंच खाल्लं.

तिसऱ्या आठवड्यात अंथरुणाला पाठ लागली की झोप येऊ लागली. मधे दोन रात्री पुन्हा बिघडल्या. तेव्हा विचारांचं काम सुरू झालं. "आज झोपले नाही तर रविवार गेला," हा माझा विचार. बाईंनी विचारलं, "वाईट रात्रीनंतर प्रत्येक वेळी दिवस वायाच गेला का?" आठवून पाहिलं, तर तसं नव्हतं. काळजी करायला त्यांनी संध्याकाळची वेळ नेमून दिली. मी अंगणात बसून काळजी करायला लागले की जाऊ म्हणायची, "झाली का तुही ड्युटी?" मग काळजी पुरी व्हायचीच नाही.

चौथ्या आठवड्यात अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जात होता, म्हणून बाईंनी पंधरा मिनिटं वाढवून दिली. सव्वाअकराला आडवं व्हायची परवानगी मिळाली, तर मला बोनस मिळाल्यासारखं वाटलं. जाऊ म्हणाली, "आता माहे तांदूळ कोण निवडन?"

त्याच आठवड्यात रविवारी मी तुमच्या आईला फोन केला आणि गोष्टीचं पुस्तक उघडून खुर्चीत बसले. गोष्ट शेवटपर्यंत वाचली. या वेळी पेंगली ती धाकटी.

अजूनही एखादी रात्र जागण्यात जाते. मी घेते त्या झोपेच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टर हळूहळू ठरवतील. पलंगावर दुपारी कोणी बसत नाही, जाऊसुद्धा नाही. आणि रविवारची गोष्ट चालू आहे.