‘देशातील पहिला’ गमबूट

सोयलाबाई पिलामुंगा आंबातो शहरातल्या एका वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं बातम्या तपासायच्या. ‘क्रांतिकारी’, ‘जगप्रसिद्ध’ अशा शब्दांनी नटलेल्या प्रेसनोटा त्या पहिल्या ओळीवरच कचऱ्याच्या टोपलीत टाकायच्या. छापील अंक बंद झाला आणि त्या आमच्या गमबुटाच्या कारखान्यात प्रेसनोटा लिहायला आल्या. मी पॅकिंगला होते. आमची टेबलं शेजारीशेजारीच.

त्या वर्षी आम्ही गुलाबाच्या मळ्यांत राबणाऱ्या बायकांसाठी बूट काढला. आजवर त्या पुरुषांचे मोठे बूट दोन-दोन मोजे कोंबून घालत. सोयलाबाईंनी प्रेसनोट एका पानात बसवली. आधी मथळा, मग गाव आणि तारीख. पहिल्याच परिच्छेदात कोणी, काय, कधी, कुठे, केवढ्याला. पुढे एका कामकरणीचं बोलणं, कंपनीविषयी दोन ओळी, आणि शेवटी स्वतःचं नाव नि फोन.

मालक डॉन एफ्राईन, म्हणजे एफ्राईनसाहेब, यांनी ती वाचून पेन उचललं. मथळ्यात घातलं : ‘देशातील पहिला’.

“पहिला नाही, डॉन एफ्राईन. क्वेंका शहरातल्या एका कारखान्यानं दोन वर्षांपूर्वीच काढलाय. मी फोन करून विचारलंय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं फोन करायला?”

“बातमीदार विचारतील.”

“कोण विचारणार, बाई? राहिलंय का कुणी तिकडे? पहिला नसेल तर बातमी कसली?”

 सोयलाबाईंच्या घरी आजारी नवरा होता, आणि साठीच्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? तोच मथळा ठेवून त्यांनी नोट चौदा वर्तमानपत्रांना नि वेबसाइटना पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्या फोनपाशी बसून राहिल्या. मी डब्यातले ल्यापिंगाचो, बटाट्याच्या टिक्क्या, पुढे केल्या, तर हात लावला नाही.

“कुणी विचारलं, तर खरं सांगून टाकीन,” त्या म्हणाल्या. “मग काढू देत मला कामावरून.”

“आणि नाही विचारलं तर?”

“विचारतील गं. निदान विल्मो तरी. बातमीदारी त्याला मीच शिकवलीय.”

फोन एकदाच वाजला. विल्मोच होता. फोटो जरा मोठा पाठवा म्हणाला.

“बाकी काही विचारायचं नाही तुला?”

“नाही बाई. अख्खी वेबसाइट एकटा चालवतोय. तुमची नोट अगदी तयार असते, एक अक्षर बदलावं लागत नाही.”

त्यांनी फोटो पाठवला. रविवारी ती नोट विल्मोच्या वेबसाइटवर शब्दाला शब्द आली, नावाच्या जागी ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. आणखी पाच ठिकाणी तशीच उचलली गेली. डॉन एफ्राईननी आम्हा सगळ्यांना केक वाटला.

सोयलाबाईंनी आपला तुकडा माझ्या ताटलीत सरकवला.

“सव्वीस वर्षं मी ज्या टेबलावर बसले ना,” त्या म्हणाल्या, “तिथं आता कुणीच बसत नाही.”

सोमवारी डॉन एफ्राईननी त्यांच्यापुढे लहान मुलांच्या बुटाचा कागद ठेवला. मथळा या वेळी मालकांनी आधीच लिहून आणला होता.