सरकारी भावाचा डॉलर

बडोद्याच्या गोरव्यात आमचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना आहे. निर्यातीच्या कागदांवर सही माझी असते आणि ती करताना मी कुणाच्या बापाला भीत नाही. घरात यालाच माझा हट्ट म्हणतात.

त्या वर्षी इथिओपियातल्या एका व्यापाऱ्यासाठी केलेले पंप तयार होऊन पडले होते. डॉलर येईनात, आणि कामगारांचा दिवाळीचा बोनस त्यावरच अडला होता. विक्री धाकटे दीर बघतात. तिथल्या बिर या चलनाचा सरकारी भाव मोबाइलवर दाखवत ते म्हणाले, "वहिनी, हा आपल्याला बनवतोय. या भावाने डॉलर घेतो आणि पंप दुपटीने विकतो." मलाही पटलं. आम्ही किंमत वाढवून कळवली.

तो व्यापारी तडक बडोद्याला आला. चहाला हातही न लावता म्हणाला, "तो भाव बँकेच्या फळ्यावर आहे, डॉलर बँकेत नाहीत. आधी औषधं, मग इंधन. माझा नंबर लागतच नाही."

मला एकदम नवरात्रातले गरब्याचे पास आठवले. ठरलेल्या दराने खिडकीवरचे पास संपतात. मग ज्याच्याकडे पास आहे तो खिडकीकडे कशाला फिरकेल? फाटकाबाहेर चढ्या भावाने विकतो. तिथेही तेच. सरकारने डॉलर जबरदस्तीने स्वस्त ठरवला, म्हणून घेणारे वाढले आणि देणारे आटले. परदेशातले नातलगही पैसे बँक टाळून काळ्या बाजारातूनच पाठवत. बँक जितकी रिकामी, तितका बाहेरचा डॉलर महाग. हा व्यापारी त्याच बाजारातून डॉलर घ्यायचा, म्हणून त्याचे पंप महाग पडायचे. चोर समजलो होतो आम्ही त्याला. मी तिथेच वाढीव किंमत मागे घेतली.

मग दिरांनी तोडगा काढला. "बिल अर्ध्या किमतीचं करा. तेवढे डॉलर बँक देईल कदाचित. बाकीचे हवाल्याने, दुबईमार्गे इथे सयाजीगंजात रोख. एमां शुं, त्यात काय, वहिनी, सगळेच करतात!"

"सगळ्यांना करू दे. खोट्या किमतीखाली माझी सही येणार नाही."

"आणि बोनस?"

कारखान्याच्या फाटकाशी जाऊन कामगारांना मीच सांगितलं की बोनस उशिरा मिळेल आणि तो माझ्यामुळे. शिव्या खाल्ल्या. सही केली नाही.

व्यापारी परत गेला आणि चक्क मूग निर्यात करू लागला. निर्यातीतून आलेल्या डॉलरचा काही वाटा तिथे स्वतःच्या आयातीला वापरता येतो. डॉलर मिळावेत म्हणून मूग पडत्या भावाने विकून तो तोटा सोसायचा आणि पंपांत भरून काढायचा. सरकारी भाव सांभाळायला एका धडधाकट व्यापाऱ्याला तोट्यात मूग विकावे लागतात, याचा मला आजही संताप येतो.

होळीच्या सुमारास डॉलर बँकेतून आले. त्याच दिवशी आम्ही बोनस वाटला. दिरांनी त्या पंपांचं बिल माझ्यापुढे सरकवलं. किंमत पूर्ण होती. मी सही केली.