गाणाऱ्याचं वय

वाळूज एमआयडीसीच्या शिफ्ट बसमध्ये एक काका माझ्या शेजारी बसायचे. लेथवर काम करायचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती. मी गाणी लिहितो हे कळल्यापासून ते नवं गाणं ऐकवायला लावायचे आणि ऐकून झालं की विचारायचे, "गाणारं किती वर्षांचं हाय?"

एकदा मी आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडचं गाणं ऐकवलं. बाप गावाहून यायचा आहे आणि ती म्हणते, 'विरहाची ही वाट अनंत'.

"आठ वर्षांच्या पोरीला विरह कुठनं ठावं?" ते म्हणाले. "तिला फाटकाची कडी ठावं, तिथवर हात पोचत नाय ते ठावं. अन् तिला शंका नसते. 'बाबा आज येणार,' असंच म्हणंल. 'येतील ना?' हे तिची आई म्हणंल."

मी ओळ खोडली.

बायको वारल्यावर ते महिनाभर दिसले नाहीत. परत आले तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं गाणं वाचून दाखवलं. त्यात चांदणं होतं, शपथा होत्या, 'जन्मोजन्मी भेटू' होतं. मध्येच ते थांबले.

"हा तर विशीतला पोरगा बोलतोय. लग्नाच्या वक्ती असंच बोलायचो तिच्याशी."

माझा पेन घेऊन त्यांनी सगळं खोडलं आणि हलत्या बसमध्ये खाली लिहिलं: 'आज भाजीत मीठ लई झालं, सांगू कुणाला'.

"आता पुढं काय?" त्यांनी मला विचारलं.

पेन मी त्यांच्याच हातात राहू दिला. मी चोवीस वर्षांचा होतो.