तीन बाथरूम आणि एक आप्पा

आगाशीच्या वाडीत घर बांधायचं ठरलं तेव्हा मी नुकताच महाबळेश्वरच्या हॉटेलात राहून आलो होतो. त्यामुळे अक्कल तिथल्या टॉवेलांत गुंडाळूनच परतलेली. नकाशा काढणारा म्हणाला, "एकत्र कुटुंब आहे, मधल्या बोळात निदान दोन कॉमन बाथरूम ठेवा." मी म्हटलं, "छे! खोलीला अटॅच्ड हवंच." खाली आमच्या खोलीला, बरोबर वरती धाकट्या भावाच्या खोलीला, आणि मागच्या दाराशी एक कॉमन. बाहेरच्या भिंतीवर पाइप दिसता कामा नयेत, म्हणून त्यांचा उभा डक्टही घराच्या पोटात, बोळ आणि आमचं बाथरूम यांच्या मधे घेतला. धाकटा म्हणाला, "दादा, तुझी हौस भारी!" मला ती स्तुती वाटली.

राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात हिशेब चुकला. सकाळी मुलांची शाळा, आमची ऑफिसं. मुलं सगळी कॉमनपाशी, कारण अटॅच्डमध्ये त्यांचे आईबाप. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, प्रोस्टेटचा त्रास. लागली की थांबवत नसे. बायको आतून हाक मारायची, "आप्पा, आमचं रिकामं आहे, या ना." पण सुनेच्या बेडरूममधून, तिच्या पलंगाला वळसा घालून जाणं त्यांच्याच्यानं होईना. ते बोळात भिंतीला हात लावून उभे राहत आणि "चालू द्या, घाई नाही" म्हणत.

एके सकाळी घाई होती. धोतर भिजलं. नातवंडांसमोर. कुणी हसलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं असावं. दुपारी पिशवी भरून ते पापडीला आत्याकडे निघाले. "तिच्याकडे अंगणात आहे," एवढंच बोलले.

मी प्लंबरला बोलावलं. "बोळातून आमच्या बाथरूमला दार पाडा."

"कुठून? मधे डक्ट आहे. वरच्या संडासाचा पाइप याच्यातूनच उतरतो."

"हलवता येईल का?"

"येईल. वरचं बाथरूम फोडून."

धाकट्याची बायको जिन्यावरून ऐकत होती. तिचा चेहरा पाहून मी विषय सोडला.

रात्री बायको म्हणाली, "पाइप नको हलवायला. आपली खोलीच कापा." खोलीच्या बोळाकडच्या दारापासून बाथरूमपर्यंत प्लायची भिंत घालून आप्पांना वेगळी वाट केली, आणि आमच्यासाठी त्या भिंतीत एक दार. खोलीत पलंग उरला. कपाट हॉलमध्ये गेलं. माझ्या हॉटेलची धर्मशाळा झाली.

आप्पांना आणायला मीच गेलो. ते आले, पण पिशवी त्यांनी रिकामी केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे प्लायपलीकडे त्यांची पावलं वाजली आणि थांबली.

"सूनबाई झोपलीय का?" त्यांनी हळूच विचारलं.

ती टक्क जागी होती. डोळे मिटून तिनं मला कोपरानं ढोसलं.

"हो आप्पा, गाढ," मी म्हटलं.

मग बाथरूमची कडी वाजली.