पंधरवडाबाई आणि मोठ्या लेथवरची खूण

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे पंधरवडाबाई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठला पंप कधी तयार होईल हे ठरवायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, हे तिचं काम. कॉम्प्युटर एक तारीख दाखवायचा, ती त्यात न चुकता पंधरा दिवस मिळवायची आणि मगच फोन उचलायची.

तिचं काही चुकत नव्हतं. जुनी सिस्टीम म्हणजे पक्की थापाडी. प्रत्येक ऑर्डर आली की तिला वाटायचं, सगळी मशीनं हिच्याचसाठी रिकामी बसली आहेत. पंपाची मोठी बॉडी कातायला कारखान्यात एकच मोठं लेथ. पण सिस्टीम एकाच सोमवारी त्यावर तीन बॉड्या चढवायची आणि तिघींनाही बुधवारी मोकळं करायची. लेथच्या एका आठवड्यात दोन आठवड्यांचं काम कोंबलेलं असायचं. तो आठवडा पडद्यावर लालभडक दिसायचाही, पण तो बघण्याचे कष्ट कोण घेणार? विक्रीवाल्यांना तारीख हवी असते, ती कुठून आली याच्याशी त्यांना काय देणंघेणं.

मग मोठा गाजावाजा करून नवी सिस्टीम आली. हिच्यात प्रत्येक मशीनच्या पानावर एक खूण होती. खूण केली की त्या मशीनचे एका कामाला दिलेले तास दुसऱ्याला मिळत नसत. दुसऱ्याने रांगेत थांबायचं आणि त्याची तारीख तेवढी पुढे जायची. पंधरवडाबाईने आधी नाक मुरडलं. पहिल्या महिन्यात तारखा चुकल्याही, कारण फोरमनने लेथच्या दोन पाळ्या लिहून दिल्या होत्या आणि दुसऱ्या पाळीचा कारागीर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. खोटं भरलं तर खोटंच बाहेर येणार. बाईने फोरमनला धारेवर धरलं, पाळ्या दुरुस्त केल्या, एकेका बॉडीला खरोखर किती वेळ लागतो ते लेथजवळ उभं राहून पाहिलं. त्यानंतर तारखा जुळायला लागल्या. लागोपाठ जुळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पंधरा दिवस मिळवणं बंद केलं. आता तिचं नाव बदलायला हवं, असं लोक म्हणू लागले.

आणि नेमकी तेव्हाच ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली.

परत आली तर टेबलावर भावोजींची ऑर्डर. तिच्या अक्काचे यजमान शेजारच्या गावात पाणीपुरवठ्याचं पंपघर सांभाळत. तिथला मोठा पंप फुटला होता. दुसऱ्या एका गावाकडून उसना आणलेला पंप चालू होता, पण महिनाअखेरीला तो परत द्यायचा होता. तो मागणारी गावं आणखीही होती. नवा पंप त्याआधी आला नाही तर भावोजींच्या गावाचे नळ कोरडे.

तिने सिस्टीम उघडली. पंचवीस तारीख. झकास. तिने फोन लावला.

"पंचवीस म्हणतेस," भावोजी म्हणाले, "ही तुझी तारीख की कॉम्प्युटरची?"

"आता दोन्ही एकच आहेत," ती ऐटीत म्हणाली.

नवा डोळा बसवून आलेली बाई, आणि एक पान उघडून बघितलं नाही! बिघडलं ते इथेच.

वीस तारीख उलटल्यावर ती सहज लेथकडे गेली. भावोजींच्या पंपाची बॉडी कोपऱ्यात पडलेली, आणि तिच्यापुढे रांगेत आणखी चार बॉड्या. परत येऊन तिने लेथचं पान उघडलं. खूण गायब. लेथचा आठवडा जुन्यासारखाच लालभडक, दुपटीने भरलेला. पाचही बॉड्या एकाच लेथवर एकाच वेळी, आणि पाचही वेळेत पूर्ण!

ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, हसतमुख माणूस. नाही म्हणणं त्यांना आईने शिकवलंच नव्हतं.

"लेथवरची खूण कुणी काढली?"

"मीच काढायला सांगितली," साहेब म्हणाले. "अहो, तारखा किती लांब जात होत्या! विक्रीवाले माझ्या डोक्यावर बसले होते. खूण काढली आणि बघा, सगळ्या तारखा जागेवर आल्या."

"तारखा आल्या. पंप येणार नाहीत."

"जरा जोर लावा की."

"जोर लावून एका लेथची दोन होत नाहीत, साहेब. एकाला पुढे घ्यायचं तर दुसऱ्याला मागे सारावं लागतं. या पाचातलं कोणतं मागे सारू, तेवढं सांगा."

साहेबांनी बराच वेळ पाचही नावं वाचली. "एकही नाही," ते म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

म्हणजे सिस्टीमचा काही दोष नव्हता. ती बिचारी साहेबांसारखीच वागत होती: सगळ्यांना हो म्हणायचं आणि तोंड द्यायला दुसऱ्याला पुढे करायचं. पण बाईला जास्त राग आला तो स्वतःचा. जुनी थापाडी होती तेव्हा ती डोळे उघडे ठेवून बसायची. नवी चार महिने खरं बोलली, तर बाईने डोळेच मिटले.

तिने खूण पुन्हा केली आणि सगळी कामं नव्याने बसवली. भावोजींचा पंप पुढच्या महिन्याच्या मध्यावर गेला. मग तिने रांगेत पुढे असलेल्या चारही गिऱ्हाइकांना फोन करून एकच विचारलं, पंप खरोखर कधी बसवणार. तिघांना खरंच घाई होती. चौथा म्हणजे साहेबांचा लाडका, सर्वांत मोठा, दोन बॉड्यांएवढा वेळ खाणारा. तो म्हणाला, "आमची शेडच अजून उभी नाही. लवकर मागितलेलं बरं, म्हणून मागितलं." तिने त्याला तिथल्या तिथे मागे टाकलं आणि सगळी कामं पुन्हा बसवली. तरीही भावोजींची तारीख सहा आली. उसना पंप गेल्यानंतर सहा दिवस. बाकी तिघांतल्या कुणाला खाली ओढून आपल्या माणसाला वर चढवणं तिच्या हातात होतं. तिचा हात माउसवर बराच वेळ होता. तिने तो उचलला आणि फोन घेतला.

"भावोजी, माझी तारीख चुकली. पंप सहाला येईल."

भावोजींनी विचारलं, "ही कुणाची?"

"सिस्टीमची. पण या खेपेला मी लेथचं पान उघडून बघितलंय, आणि लेथही."

"आठ दिवस आधी बोलली असतीस तर उसना पंप थांबवला असता," भावोजी म्हणाले. "आता ते दुसऱ्या कुणाला कबूल करून बसलेत." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सहा दिवस त्या गावात टँकर फिरला. साहेबांनी मीटिंगमध्ये नव्या सिस्टीमचं कौतुक केलं आणि लाडक्या गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी कुठलीही तारीख वाचण्याआधी बाई लेथचं पान उघडून खूण बघू लागली.

पंप सहा तारखेलाच पोचला. संध्याकाळी अक्काचा फोन आला. मागे नळाचा आवाज येत होता.

"तुझी तारीख खरी निघाली हो," अक्का म्हणाली. "टँकरच्या बादल्या मात्र मी उचलल्या."

नळाचा आवाज बंद होईपर्यंत पंधरवडाबाई फोन कानाला लावून उभी राहिली.