मॅनेजरला न कळवता

रुदैना म्हणजे आमच्या अम्मानच्या ऑफिसातली गरीब गाय. ग्राहकांच्या तक्रारींचे आकडे मांडून अहवाल तिने करायचा आणि वरच्या मजल्यावर तो मिरवायचा आमच्या मॅनेजरने, मुतासिमने. मला संताप यायचा. ती मात्र म्हणायची, "जाऊ दे गं, लुब्ना."

एकदा मुतासिमने तिचं नाव वगळून तिचा अहवाल स्वतःच्या नावाने थेट संचालकांकडे पाठवला. त्या दिवशी तिचा चहा कपातच थंड झाला.

"मला आकडेवारीच्या टीममध्ये जायचंय," ती म्हणाली. "पण याला कळलं तर तो जाऊ देणार नाही, आणि सुखाने राहूही देणार नाही."

कंपनीतल्या कंपनीत जागा भरण्याचं काम मनारकडे होतं. तिला पाठवायचा मेल रुदैनाने मला दाखवला. अर्धा मेल मुतासिमच्या नावाने शंख!

"हे रडगाणं काढून टाक आधी," मी म्हटलं. "आणि विषयात 'बदली' नको. मीटिंगमध्ये तू स्क्रीन दाखवतेयस आणि वर उत्तर टपकलं तर?"

शेवटी उरलं ते एवढंच: 'मला आकडेवारीच्या टीममधल्या जागेबद्दल जाणून घ्यायचंय. अजून अर्ज केलेला नाही. हे आपल्या दोघींतच राहू शकेल का? माझ्या मॅनेजरला कधी कळवावं लागतं?'

मनारचं उत्तर सरळ होतं. पोर्टलवर अर्ज भरला की मॅनेजरला आपोआप मेल जातो, तेव्हा आधी नुसतं बोलू. कॅलेंडरमध्ये तिने फक्त 'चहा' लिहिलं, तेही खाजगी करून. भेटीत तिने सांगितलं, "जागा आहे. टीमचा प्रमुख तेवढा अजून ठरायचाय. अर्जाआधी मुतासिमला तूच सांग, ते बरं दिसेल."

रुदैनाने रविवारी, आमच्याकडे कामाचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी, सांगायचं ठरवलं. शनिवारी तिने मला फोनवर तीन वाक्यं म्हणून दाखवली, शाळेत कविता म्हणतात तशी.

रविवारी आम्ही ऑफिसात शिरलो तर टेबलावर कुनाफा मिठाईचं ताट, आणि मुतासिम नव्या सुटात.

"मुबारक म्हणा रे! आकडेवारीच्या टीमचा प्रमुख झालोय मी!"

मी रुदैनाकडे पाहिलं. ती पांढरीफटक.

"आणि एकटा नाही चाललो," तो तिच्याकडे बघून हसला. "हिला सोबत नेतोय. वरून मंजुरीही आणलीय. माझा उजवा हात आहे ती! काय गं, बोल की!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची तीन वाक्यं म्हणायची राहूनच गेली. हवी होती ती जागा मिळाली होती, आणि ती नेमकी त्याच्याच हातून. मी इतकी हबकले की मीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी तिने तो जुना मेल पुन्हा उघडला. टीमचं नाव खोडून दुसरं घातलं. मग थांबली, आणि खाली एक ओळ वाढवली: 'तिथला प्रमुख ठरलाय ना?'