"घर सांगा" ही ओळ

तळं बुजवून प्लॉटांचे लेआउट पाडणाऱ्यांविरुद्ध आमच्या गटाची अक्का देवनहळ्ळीच्या सभेत बोलली, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर एका चर्चेच्या पानावर शिव्यांचा पूर लोटला. तिथे नाव लागत नाही. प्रत्येकाच्या आधी नुसतं 'पाहुणा' छापून येतं. पाहुणा म्हणे! पाहुण्याला निदान तोंड असतं.

ते पान पोलिसांपुढे ठेवायचं होतं. खाली सरकवावं तसं ते वाढतच जायचं, फोनचा लांब स्क्रीनशॉट मध्येच अडकायचा. म्हणून पुण्याहून आलेल्या आमच्या आयटीवाल्या दादाने तुकड्या-तुकड्याने फोटो काढले. काही सुटू नये म्हणून प्रत्येक फोटोत मागच्याच्या शेवटच्या काही ओळी येऊ दिल्या. बरं झालं काढले, कारण दुपारपर्यंत ते पान गायबच झालं.

इंदिरानगरातल्या आमच्या खोलीवर तो फोटोंतला मजकूर जोडत बसला. सगळं कन्नड आणि इंग्रजी. अक्का कपडे बदलायला यशवंतपूरला घरी गेली होती, तिथून ती थेट ठाण्यावर येणार होती.

"कसं जोडतोस?" मी विचारलं.

"सिंपल आहे यार. वरच्या फोटोची शेवटची ओळ खालच्या फोटोत शोधायची. तिच्यापर्यंतचं सगळं आधी येऊन गेलेलं, ते उडवायचं."

मला पत्रकं छापायची सवय. छापण्याआधी मोठ्याने वाचायचं, हे हाडात मुरलेलं. मी वाचायला लागले.

"पाहुणा: ढोंगी बाई आहे. पाहुणा: घर सांगा. पाहुणा: वर दिलंय की, आंधळा आहेस का?"

मी थांबले. "वर काय दिलंय? वर कुठे काय आहे?"

"काहीतरी असेल. हे लोक वाट्टेल ते लिहितात."

"दादा, मूळ फोटो उघड."

वरचा फोटो 'ढोंगी बाई' आणि 'घर सांगा' या दोन ओळींवर संपत होता. खालच्या फोटोची सुरुवात त्याच दोन ओळींनी होत होती, इथवर ठीक. पण पुढे गेल्यावर त्याच फोटोत 'घर सांगा' पुन्हा होतं. दुसऱ्या कुणीतरी, वरचं न वाचता, तेच विचारलेलं. दादाने जोड त्या दुसऱ्या ओळीशी लावला होता, आणि मधलं सगळं पुनरावृत्ती समजून उडवलं होतं.

"पण ओळ तर तीच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"एक ओळ जुळून काय उपयोग? तिच्या वरची जुळते का बघ. पहिल्या 'घर सांगा'च्या वर 'ढोंगी बाई' आहे. दुसऱ्याच्या वर?"

दुसऱ्याच्या वर लिहिलं होतं: 'संध्याकाळी जाऊन समजावू.' त्याच्या वर अक्काचा पत्ता. यशवंतपूर, घाऊक बाजाराच्या मागची गल्ली, निळं गेट, तिसरा मजला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दादा खाली रिक्षा थांबवायला पळाला. मी जिन्यात उभी राहून लावतच होते आणि मनात त्या पाहुण्यांना मोजून मोजून शिव्या देत होते, कारण थांबले असते तर रडले असते.

"काय गं, आंघोळ तरी करू देशील का?" अक्काचा आवाज.

"दार लावलंय?"

"लावलंय. का?"

"खिडकीतून खाली बघ. पडदा हलवू नकोस."

ती गेली. मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता, दुसरं काही नाही. मग ती कुजबुजली, "दोघं आहेत. बाईक निळ्या गेटला लावलीय. फोनमध्ये बघतायत, मग वर बघतायत."

"घरमालकिणीकडे जा. मागच्या जिन्याने. आत्ता."

"सरी, सरी, जाते. घाबरवू नकोस. पण त्यांना घर कळलं कसं?"

मी तिला तो पत्ता वाचून दाखवला. तिला सगळं कळायलाच हवं होतं, आधीच अर्धं गाळून झालं होतं. गल्ली, गेट, मजला.



"अक्का?"

"तिसरा म्हटलंस?"

"हो, तिसरा."

"अगं, मी दुसऱ्यावर राहते. तिसऱ्यावर ती नर्स आहे, नवीन आलेली. ड्यूटीवरून येऊन झोपलेली असते. एकटी."

मग फोनवर तिचे अनवाणी पाय जिन्यावर धपधपताना ऐकू आले. मागच्या जिन्याने खाली नव्हे. वर.

"अक्का, थांब! पोलिसांना लावते मी!"

"लाव की," ती धापा टाकत म्हणाली, आणि कुणाचं तरी दार जोरजोरात ठोठावायला लागली.